म्युच्युअल फंडाचा एक्सपेन्स रेशो: तीस वर्षांत किती पैसे जातील, हे आधीच कसे काढावे

म्युच्युअल फंडात पैसे गुंतवणाऱ्या माणसाला फंड चालवण्याचे बिल कधीच येत नाही. खात्याच्या उताऱ्यावर "व्यवस्थापन शुल्क वजा" अशी ओळ नसते आणि बँकेतूनही वेगळी रक्कम कापली जात नाही. हा खर्च फंडाच्या एकूण मालमत्तेतून रोज थोडाथोडा काढून घेतला जातो आणि तो वजा केल्यानंतर उरलेल्या मालमत्तेवर त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, जाहीर होते. आपण रोज पाहतो तो भाव खर्च भागवून उरलेला असतो, आणि म्हणूनच नव्या गुंतवणूकदाराला आपण काहीच देत नाही असे प्रामाणिकपणे वाटत राहते.

वर्षभरातला हा सगळा खर्च फंडाच्या मालमत्तेच्या किती टक्के आहे, ते सांगणारा आकडा म्हणजे एक्सपेन्स रेशो. फंड व्यवस्थापकाचे शुल्क, गुंतवणूकदारांची नोंद ठेवणारे निबंधक आणि फंडाचे शेअर सांभाळणारे कस्टोडियन यांचे पैसे, हिशेब तपासनिसाचे मानधन, जाहिरात, जीएसटी आणि वितरकामार्फत घेतलेला रेग्युलर प्लॅन असेल तर त्या वितरकाचे कमिशन हे सारे त्यात येते. या लेखात त्यातल्या एकाच प्रश्नाचा हिशेब मांडला आहे: एकाच योजनेचा रेग्युलर प्लॅन आणि वितरकाशिवाय थेट कंपनीकडून घेतलेला डायरेक्ट प्लॅन यांत जो साधारण एका टक्क्याचा फरक दिसतो, त्याचे लांबच्या मुदतीत काय होते. हाच प्रश्न निवडण्याचे कारण असे की, दोन वेगवेगळ्या फंडांची तुलना करताना कोणाचा व्यवस्थापक सरस ठरेल हे कोणालाच सांगता येत नाही. पण एकाच योजनेच्या या दोन प्लॅनमध्ये शेअर तेच, व्यवस्थापक तोच आणि खरेदी-विक्रीचे निर्णयही तेच असल्यामुळे फरक उरतो तो फक्त खर्चाचा.

पहिली पायरी: आपण कोणत्या प्लॅनमध्ये आहोत ते पाहणे

उदाहरणासाठी नागपुरातल्या एका शिक्षिकेची गुंतवणूक घेऊ. बेसा भागातला वडिलोपार्जित प्लॉट विकल्यावर त्यांच्या वाट्याला आलेले 5 लाख रुपये त्यांनी निवृत्तीसाठी एका इक्विटी योजनेत एकरकमी ठेवले. धरमपेठेतल्या ज्या बँक शाखेत त्यांचे पगाराचे खाते आहे, तिथल्या अधिकाऱ्यानेच अर्ज भरून दिला आणि "मॅडम, याला वेगळा काही चार्ज नाही," असेही सांगितले. शब्दशः पाहिले तर ते खोटे नव्हते, कारण वेगळा चार्ज खरोखरच नव्हता.

उताऱ्यावर योजनेचे नाव पूर्ण वाचावे, कारण महत्त्वाचा शब्द बहुधा शेवटी येतो आणि मोबाइलच्या पडद्यावर तोच कापला जातो. नावात `Regular Plan` असे असेल किंवा सल्लागाराच्या रकान्यात `ARN-` आणि पुढे आकडे, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, असेल, तर गुंतवणूक वितरकामार्फत झाली आहे आणि त्याचे कमिशन आपल्या फंडातून जात आहे. `Direct Plan` असेल तर त्या रकान्यात बहुधा `DIRECT` एवढेच दिसते. शिक्षिकेच्या उताऱ्यावर योजनेच्या नावाखाली बारीक अक्षरांत बँकेचा एआरएन क्रमांक होता आणि तो त्यांनी आधारसारखा स्वतःचाच कुठला तरी क्रमांक समजून सोडून दिला होता.

ज्यांच्याकडे उतारा नाही, त्यांनी कॅम्स किंवा केफिनटेक या निबंधकांच्या संकेतस्थळावरून आपल्या पॅनवर असलेल्या सर्व योजनांचा एकत्रित उतारा ईमेलवर मागवावा. तो विनाशुल्क मिळतो. सप्टेंबर आणि मार्चअखेरच्या सहामाही एकत्रित उताऱ्यात आणखी एक गोष्ट सापडते, ती म्हणजे त्या सहा महिन्यांत आपल्या गुंतवणुकीपोटी वितरकाला प्रत्यक्ष किती रुपये दिले गेले. सेबीने हा आकडा रुपयांत दाखवणे बंधनकारक केले आहे. टक्केवारी वाचून ज्यांच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही, त्यांनी हा रकाना जरूर पाहावा.

दुसरी पायरी: दोन्ही प्लॅनचे आकडे मिळवणे

प्रत्येक फंड कंपनीला आपल्या संकेतस्थळावर सर्व योजनांचा एक्सपेन्स रेशो रोज जाहीर करावा लागतो. ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावरही तो पाहता येतो आणि मासिक फॅक्टशीटमध्ये रेग्युलर व डायरेक्ट अशा दोन्ही प्लॅनचे आकडे छापलेले असतात. तुलना एकाच तारखेच्या आकड्यांची करावी, आणि जीएसटी धरून येणारा एकूण आकडा घ्यावा. केवळ व्यवस्थापन शुल्काचा आकडा घेतला तर खर्च आहे त्याहून कमी दिसतो.

हा आकडा कायमचा नसतो. फंडाचा आकार वाढत जाईल तशी सेबीने ठरवलेली कमाल मर्यादा खाली येते, आणि त्या मर्यादेच्या आत कंपनी खर्च कमी-जास्त करू शकते. वाढ करण्यापूर्वी गुंतवणूकदारांना ईमेल किंवा एसएमएसने आगाऊ कळवावे लागते, पण असे ईमेल आपण सहसा न उघडताच पुढे जातो. वर्षातून एकदा आकडा पुन्हा पाहिला तरी पुरे.

शिक्षिकेच्या योजनेत रेग्युलर प्लॅनचा खर्च 1.80 टक्के आणि डायरेक्ट प्लॅनचा 0.80 टक्के आहे असे धरू. इक्विटी योजनांमध्ये एवढे अंतर सर्रास आढळते. काही ठिकाणी ते अर्धा-पाऊण टक्काच असते, तर लहान फंडांत एका टक्क्याहून जास्तही असते.

तिसरी पायरी: तीस वर्षांचा हिशेब

आधी एका दिवसाचा खर्च पाहू. 5 लाखांवर 1.80 टक्के म्हणजे वर्षाला 9,000 रुपये, आणि 365 ने भागले की दिवसाला साधारण 25 रुपये. नागपुरात तर्री-पोह्याच्या एका प्लेटला जेवढे लागतात, साधारण तेवढेच. खर्च क्षुल्लक वाटतो तो याचमुळे, कारण आपण आजच्या रकमेवर आजचा खर्च मोजतो. प्रत्यक्षात ही टक्केवारी मूळ मुद्दलावर लागत नाही. त्या त्या दिवशी जेवढी रक्कम साठलेली असेल तिच्यावर लागते, आणि फंड वाढेल तसा खर्चही वाढत जातो. शिवाय कापून गेलेला रुपया पुढे ज्या वर्षांत आपल्यासाठी कमावणार होता, ती सगळी कमाईही त्याच्याबरोबर जाते.

आता फंडातल्या शेअरनी खर्च वजा होण्यापूर्वी दरवर्षी 11 टक्के वाढ दिली असे समजू. हे भाकीत नाही, फक्त हिशेबापुरते गृहीत आहे. खऱ्या बाजारात एखाद्या वर्षी 30 टक्के वाढ होते आणि एखाद्या वर्षी 20 टक्के घटही होते. पहिल्या वर्षाअखेरीस डायरेक्ट प्लॅनमध्ये रेग्युलरपेक्षा साधारण 5,550 रुपये जास्त दिसतील. दहा वर्षांनी डायरेक्टमध्ये सुमारे 13.10 लाख आणि रेग्युलरमध्ये 11.84 लाख असतील, म्हणजे फरक सव्वा लाखाचा झाला. वीस वर्षांनी हे आकडे 34.33 लाख आणि 28.03 लाखांवर जातात आणि फरक 6.30 लाखांचा होतो. मुद्दलापेक्षा जास्त रक्कम इथेच निघून गेली. तिसाव्या वर्षी डायरेक्टमध्ये सुमारे 89.95 लाख आणि रेग्युलरमध्ये 66.37 लाख उरतात. फरक साडेतेवीस लाखांच्या वर, म्हणजे गुंतवलेल्या पाच लाखांच्या पावणेपाच पट. त्या वेळी रेग्युलर प्लॅनमधला रोजचा खर्च 25 रुपयांवरून 327 रुपयांपर्यंत पोहोचलेला असतो, आणि तेव्हाही त्याचे बिल येत नाही.

पहिल्या दहा वर्षांत फरक सव्वा लाख वाढला, तर शेवटच्या दहा वर्षांत सतरा लाखांहून जास्त. म्हणूनच पाच-सात वर्षे पैसे ठेवलेला माणूस "मला तर काही जाणवले नाही" असे म्हणतो, आणि त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरेच असते. दोन-तीन वर्षांच्या मुदतीसाठी पैसे ठेवणाऱ्याने यात फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे. निवृत्तीचा किंवा तान्ह्या मुलाच्या पुढच्या शिक्षणाचा पैसा असेल, तर मात्र हा हिशेब बसून करावा.

बाजाराचा अंदाज न बांधता करायचा हिशेब

वरच्या हिशेबावर सुजाण वाचक लगेच आक्षेप घेईल की 11 टक्के तुम्ही कुठून आणले. आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर असे की खर्चाचा वाटा काढायला परताव्याचा आकडा लागतच नाही. बाजाराने काहीही दिले तरी दरवर्षी 1.80 टक्के गेल्यावर 98.20 टक्के उरतात; पुढच्या वर्षी त्यातले पुन्हा 98.20 टक्के उरतात, आणि असे तीस वेळा घडते. तेव्हा खर्चच नसता तर जेवढी रक्कम जमली असती, तिच्यातला किती भाग खर्चात गेला, हे कोणत्याही स्प्रेडशीटच्या एका चौकटीत काढता येते:

```
=1-(1-0.018)^30
```

उत्तर 0.42 येते. म्हणजे 1.80 टक्के खर्चाने तीस वर्षांत अंतिम रकमेतला 42 टक्के वाटा जातो. 0.018 च्या जागी 0.008 घातले की उत्तर 0.21 येते, म्हणजे डायरेक्ट प्लॅनमध्येही एकवीस टक्के जातातच. फुकट काहीच नसते. एखाद्या इंडेक्स फंडाचा खर्च 0.20 टक्के असेल, तर 0.002 घालून उत्तर 0.06 च्या आसपास मिळते. आपला रेशो आणि आपल्या मुदतीची वर्षे घालून प्रत्येकाने हे एकदा करून पाहावे. बाजार चढो वा पडो, हा वाटा तोच राहतो. बाजार घसरलेल्या वर्षीसुद्धा खर्च थांबत नाही, तो फक्त घटलेल्या रकमेवर मोजला जातो.

दरमहा एसआयपी करणाऱ्याचे नुकसान टक्केवारीत कमी असते, कारण प्रत्येक हप्ता पूर्ण तीस वर्षे फंडात राहत नाही. शेवटच्या वर्षीच्या हप्त्यांवर तर एकाच वर्षाचा खर्च लागतो. तरीही वरचेच दर धरून दरमहा 10,000 रुपये तीस वर्षे भरले, तर डायरेक्टमध्ये सुमारे 2 कोटी 12 लाख आणि रेग्युलरमध्ये सुमारे 1 कोटी 71 लाख जमतात. या काळात खिशातून गेलेले पैसे 36 लाख आणि खर्चामुळे पडलेला फरक सुमारे 41 लाख.

कमिशन देणे केव्हा योग्य

2009 च्या ऑगस्टपासून प्रवेश शुल्क बंद झाले, 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेला डायरेक्ट प्लॅन ठेवावा लागला, आणि 2018 मध्ये सेबीने वितरकाला सुरुवातीलाच एकरकमी कमिशन देण्याची पद्धतही थांबवली. आज वितरकाला मिळते ते ट्रेल कमिशन, म्हणजे आपण जोवर फंडात आहोत तोवर दरवर्षी मिळणारा वाटा.

सरसकट सर्वांनी डायरेक्टमध्ये जावे असे मी म्हणणार नाही. बाजार पडल्यावर घाबरून सगळे विकून टाकणारा माणूस एका वर्षात दहा-वीस टक्क्यांचे नुकसान करून घेऊ शकतो, आणि अशा वेळी फोन उचलून त्याला थांबवणारा, कागदपत्रे, वारसनोंद आणि बदललेला पत्ता यांकडे लक्ष देणारा वितरक आपल्या एका टक्क्याला जागतो. प्रश्न इतकाच की ही सेवा प्रत्यक्षात मिळते आहे का. शिक्षिकेचा अर्ज भरून देणारे अधिकारी काही महिन्यांतच दुसऱ्या शाखेत बदलून गेले आणि त्यानंतर त्या गुंतवणुकीबद्दल त्यांना कोणी काही विचारले नाही. कमिशन मात्र चालू राहिले. अशा ठिकाणी बदल करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. योजना निवडण्यासाठी सल्ला हवाच असेल, तर ठरावीक शुल्क घेणाऱ्या, सेबीकडे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराकडून तो घेऊन पैसे डायरेक्टमध्ये ठेवता येतात. तेव्हा शुल्क रुपयांत दिसते आणि रक्कम वाढली म्हणून ते आपोआप वाढत नाही.

चौथी पायरी: बदल करण्याचा खर्च आधी मोजणे

रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाण्याला स्विच म्हणतात. योजना तीच राहत असली तरी प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीने ही जुन्या युनिटची विक्री आणि नव्याची खरेदी असते, त्यामुळे नफ्यावर कर लागतो. इक्विटी योजनेत एक वर्षाहून जास्त काळ धरलेल्या युनिटवर, आर्थिक वर्षात असा एकूण 1.25 लाखांपर्यंतचा नफा करमुक्त आहे आणि त्यावरील नफ्याला 12.5 टक्के कर आहे. हा दर 23 जुलै 2024 पासून लागू झाला. एक वर्ष पूर्ण न झालेल्या युनिटवर 20 टक्के लागतात. अनेक योजनांमध्ये वर्षाच्या आत बाहेर पडल्यास 1 टक्क्यापर्यंत एक्झिट लोडही असतो.

शिक्षिकेच्या 5 लाखांचे सव्वातीन वर्षांत 6.40 लाख झाले असे धरू. नफा 1.40 लाख, करमुक्त मर्यादा वजा केल्यावर 15,000 उरतात, त्यावर 1,875 रुपये कर आणि उपकर धरून 1,950 रुपये. याउलट स्विच केल्यावर पहिल्याच वर्षी एका टक्क्याने सुमारे 6,400 रुपये वाचतात. कराचे पैसे चार महिन्यांच्या आत वसूल होतात. तेवढेही भरायचे नसतील, तर अर्धे युनिट मार्चमध्ये आणि उरलेले एप्रिलमध्ये स्विच करावे. दोन वेगळ्या आर्थिक वर्षांची मर्यादा मिळते आणि कर शून्यावर येतो. त्या वर्षी इतर शेअर किंवा फंडांतूनही नफा काढलेला असेल, तर तो याच मर्यादेत मोजला जातो, हे विसरू नये.

नफा फार मोठा असेल, म्हणजे पंधरा-वीस वर्षांची जुनी गुंतवणूक असेल, आणि पैसे दोन-तीन वर्षांत लागणारच असतील, तर उलट उत्तर येऊ शकते. तिथे आज भरावा लागणारा कर आणि उरलेल्या वर्षांची बचत शेजारी शेजारी मांडूनच निर्णय घ्यावा. करबचतीच्या ईएलएसएस योजनेतील युनिट तीन वर्षांचे बंधन संपेपर्यंत हलवता येत नाहीत, आणि त्या योजनेच्या एसआयपीतील प्रत्येक हप्त्याची तीन वर्षे वेगळी मोजली जातात.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष स्विच

फंड कंपनीच्या संकेतस्थळावर पॅन आणि फोलिओ क्रमांक देऊन प्रवेश करता येतो. तिथे स्विचचा पर्याय निवडून, "कुठून" मध्ये रेग्युलर आणि "कुठे" मध्ये त्याच योजनेचा डायरेक्ट प्लॅन द्यावा. नफा फंडातच ठेवणाऱ्या ग्रोथ पर्यायात असाल तर ग्रोथच ठेवावा. घाईत लाभांशाचा पर्याय निवडला गेल्याची उदाहरणे आहेत. ज्यांना ऑनलाइन करायचे नाही, त्यांनी निबंधकाच्या नागपुरातील सेवा केंद्रात छापील अर्ज द्यावा आणि त्यावर एआरएनच्या रकान्यात स्वतःच्या हाताने `DIRECT` लिहावे.

स्विच झाल्यावर नवे गुंतवणूकदार दोन ठिकाणी गोंधळतात. डायरेक्ट प्लॅनची एनएव्ही रेग्युलरपेक्षा जास्त असते, म्हणून युनिट कमी मिळतात आणि "युनिट कुठे गेले" अशी शंका येते. एनएव्ही जास्त असण्याचा अर्थ योजना महाग आहे असा नाही. इतकी वर्षे खर्च कमी कापला गेल्यामुळेच ती वर गेली आहे. उताऱ्यावर युनिट गुणिले एनएव्ही करून रुपये मिळतात का, एवढे ताडून पाहावे.

दुसरा गोंधळ जास्त महागात पडतो. स्विच फक्त साठलेल्या युनिटचा होतो. चालू एसआयपी त्याने बदलत नाही. बँकेतून दरमहा जाणारा हप्ता पूर्वीसारखाच रेग्युलर प्लॅनमध्ये जमा होत राहतो आणि वर्षभराने पुन्हा तिथे लाखभर रुपये साठलेले दिसतात. म्हणून जुनी एसआयपी रद्द करून डायरेक्टमध्ये नवी सुरू करावी, जुन्या एसआयपीची पुढची तारीख जवळ असेल तर तो एक हप्ता जाऊ द्यावा, आणि पुढच्या महिन्याचा उतारा आला की नव्या हप्त्यासमोर एआरएन क्रमांक आहे की `DIRECT`, ते पाहावे.